एका घरात चार सालं

नाटकाचं साल 1956, महिना श्रावण, जागा गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या. संहितेच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलेलं असतं. ते वाचून वेशभूषाकाराचा हात आपोआप 1956 च्या फोटोंकडे जातो. मासिकांतल्या जाहिराती, सिनेमाच्या नट्या, लग्नाचे गटफोटो समोर येतात आणि सगळ्या पात्रांना त्यातलं काहीतरी चढवलं की ‘पन्नाशीचं घर’ तयार झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्यानं घर तयार होत नाही. सगळी माणसं एकाच दिवशी एकाच दुकानातून कपडे घेऊन आल्यासारखी दिसतात.

मी दुसरा हिशोब धरला. माणूस ज्या वयात स्वतःचं नेसायला शिकतो, त्या वयाचे कपडे पुढे बहुतेक आयुष्यभर त्याच्या अंगावर राहतात. नाटकातली आत्या सत्तरीची आहे, म्हणजे तिचा जन्म 1886 च्या आसपासचा. आई पंचेचाळीसची, तिचं लग्न साधारण 1925 सालचं. अप्पा बावन्न वर्षांचे. सून बावीसची, तिचं शाळा-कॉलेज स्वातंत्र्याच्या आगेमागे झालेलं. त्यामुळे रंगमंचावर 1956 साल असलं, तरी त्या दोन खोल्यांत 1900 चं, 1925 चं, 1940 चं आणि 1956 चं कापड एकाच वेळी वावरत असतं. प्रेक्षकाला घराची वीण कळते ती या चार सालांच्या एकमेकांशी घासण्यातून. म्हणून एका पात्राचे कपडे ठरवताना मी नेहमी दुसऱ्या पात्राचे कपडे शेजारी ठेवूनच ठरवले.

आईपासून सांगते, कारण या घरातलं बहुतेक काम तीच करते आणि तिच्या लुगड्याला सर्वात जास्त झीज आहे.

नऊवारी म्हणजे नऊ वार कापड. वार म्हणजे छत्तीस इंच, तेव्हा आजच्या मापात सव्वाआठ मीटरच्या जवळपास. आत परकर नाही. कमरेला गाठ मारून कापड अंगाभोवती घेतलं जातं, समोर निऱ्या होतात आणि निऱ्यांचाच भाग पायांमधून मागे नेऊन काष्टा खोचला जातो. या नेसण्याचा परिणाम आधी शरीरावर दिसतो. नऊवारी नेसलेली बाई मांडी घालून बसू शकते, उकिडवी बसून भांडी घासू शकते, वाकून केर काढू शकते आणि पाऊल मोकळं टाकू शकते. आईची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीला मी पहिल्याच आठवड्यात तालमीसाठी एक जुनी सुती नऊवारी दिली. रंगीत तालमीपर्यंत थांबले असते, तर तिची बसण्याउठण्याची लय पंजाबी ड्रेसमध्ये पक्की झाली असती, आणि मग लुगडं तिच्या अंगावर टांगल्यासारखं दिसलं असतं.

तयार शिवलेली नऊवारी हल्ली सहज मिळते. पायजम्यासारखी चढवली की दोन मिनिटांत काम होतं. दौऱ्यावर ती किती सोयीची आहे हे मला माहीत आहे, तरीही या नाटकात मी ती घेतली नाही. शिवलेल्या नऊवारीच्या निऱ्या हलत नाहीत, काष्टा दोन्ही पायांवर घट्ट आणि सारखा बसतो आणि कमरेची गाठ नसल्यानं पोटाकडचा भाग सपाट राहतो. घरात दिवसभर वावरणाऱ्या बाईचं लुगडं दुपारपर्यंत थोडं सैल होतं, ओचा फुगतो, ती मध्येच उभी राहून गाठ आवळते, पदराचं टोक कमरेला खोचते. दुसऱ्या प्रवेशात, सुनेची नोकरीची गोष्ट ऐकल्यावर आई काहीच बोलत नाही, नुसती पदर कमरेला खोचते आणि आत जाते. शिवलेल्या साडीत हा खोचण्याचा क्षण खोटा झाला असता.

आता त्या लुगड्याची झीज. नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसायच्या जागी आणि काष्ट्याच्या भागात ती आधी विरते, दोन्ही टोकांकडचं कापड बराच काळ धड राहतं. म्हणून जुन्या घरांत दांड घालायची पद्धत होती. दोन विरलेली लुगडी घ्यायची, प्रत्येकातला साडेचार-पाच वारांचा धड भाग ठेवून बाकीचं फाडून टाकायचं आणि हे दोन भाग मधोमध शिवून एक लुगडं करायचं. ती मधली शिवण म्हणजे दांड. फाडलेल्या तुकड्यांची फडकी, बाळाची दुपटी, गोधडीचे थर व्हायचे.

आईचं पहिल्या अंकातलं लुगडं मी असं दांडाचं केलं आहे. अर्धं हिरवं, अर्धं चॉकलेटी, काठही वेगवेगळे. शिवण मधोमध असल्यामुळे ती निऱ्यांत जाते. आई समोर तोंड करून उभी असेपर्यंत प्रेक्षकाला फारसं काही दिसत नाही. ती वळून पाटा उचलायला वाकली, की काष्ट्याजवळ एक रंग संपून दुसरा सुरू झालेला दिसतो. घरात पैशाची ओढ आहे हे संहितेत तिसऱ्या प्रवेशात शब्दांत येतं. आईच्या पाठीवरून ते पहिल्या पाच मिनिटांतच कळलेलं असतं.

या ओढीला काळाचंही कारण आहे. महायुद्धाच्या वर्षांत कापडावर सरकारी नियंत्रण आलं. 1948 च्या सुरुवातीला ते उठलं, भाव भडकल्यावर त्याच वर्षी परत लावावं लागलं, आणि पन्नाशीची पहिली काही वर्षं ते कमीजास्त प्रमाणात राहिलं. 1956 साली दुकानात कापड मिळत होतं, पण ज्या बाईनं आधीची दहा-बारा वर्षं कापड जपून काढली, तिच्या हाताची सवय अशी एका वर्षात जात नाही. तिच्याकडे सहा लुगडी आणि तीन पोलकी आहेत: एक पांढरं, एक काळपट, एक सणाचं खणाचं. साडीला जुळणारा ब्लाउज ही कल्पना तिच्या जगात नाही, जे पोलकं वाळलेलं असेल ते अंगात येतं. तालमीला आलेल्या काही जणांनी हिरव्या लुगड्यावर काळं पोलकं का, रंग जमत नाहीत, असं विचारलं. न जमणं हाच तो काळ आहे. आज आपल्या डोळ्यांना जुळवलेलं बघायची इतकी सवय झाली आहे, की पन्नाशीचं नाटक करताना पहिली चूक नेमकी तिथेच होते.

सुनेचं प्रकरण सर्वात गुंतागुंतीचं आहे, आणि नाटकाचा कणाही तेच आहे.

त्या काळातल्या शिकलेल्या मुली माहेरी गोल पातळ, म्हणजे पाचवारी, नेसू लागल्या होत्या. लग्न होऊन सासरी आल्यावर बऱ्याच घरांत त्यांना पुन्हा नऊवारी नेसायला लावलं जाई, कारण सोवळ्याओवळ्याच्या घरात काष्टा नसलेली बाई पूजेला आणि स्वयंपाकाला चालत नसे. आमची सून तशीच आहे. घरात नऊवारी, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना ती पहिल्यांदा सासरच्या घरात गोल पातळ नेसून बाहेर येते. संवाद जवळजवळ नाहीत. तो प्रवेश कपड्यावरच उभा आहे.

म्हणून मला तिची नऊवारी आईच्या नऊवारीपेक्षा वेगळी दिसायला हवी होती. दोघी एकाच पद्धतीनं नेसतात, पण आईचा काष्टा तीस वर्षांच्या सवयीचा आहे आणि सुनेचा दोन वर्षांचा. सुनेच्या निऱ्या थोड्या जास्त नीटनेटक्या आणि घट्ट ठेवल्या, नुकतंच नेसायला शिकलेल्या माणसासारख्या. पदर ती सारखा सावरते. आत्या समोर आली की तो दोन्ही खांद्यांवरून घेते, नवरा एकटा असला की एका खांद्यावर येतो. हे सगळं आम्ही तालमीत प्रवेशाप्रमाणे लिहून ठेवलं.

गोल पातळाबद्दल एक समज असा आहे की त्यात कापड वाचतं, म्हणून ते आलं. हिशोब करून बघा. नऊ वारांच्या जागी पाच वार, चार वार वाचले. पण गोल पातळाला परकर लागतो आणि परकराला दोन ते अडीच वार कापड जातं. उरला दीड-दोन वारांचा फायदा, आणि त्यातून शिंप्याची शिलाई वजा. घराच्या तिजोरीला त्यात फार मोठं काही मिळालं नाही. सुनेनं गोल पातळ धरलं ते बसच्या पायऱ्या चढायला, वर्गात फळ्यासमोर उभं राहायला आणि तिच्या बरोबरीच्या मुली नेसतात म्हणून. आई मात्र पहिल्या अंकात कापडाचाच मुद्दा काढते: ‘परकर वेगळा शिवायचा म्हणजे खर्च आलाच की.’ हा आक्षेप पोकळ नाही. वरच्या हिशोबानं तिचं म्हणणं बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच त्या भांडणात कोणा एकीची बाजू घेता येत नाही.

1956 चं गोल पातळ आजच्या साडीसारखं नेसवलं की फसतं. ते सुती किंवा वायलचं, आणि घोट्याच्या थोडं वर. त्या मुली चालत जायच्या, पावसात जायच्या, पायात सपाट चप्पल असायची. झंपर कमरेपर्यंत लांब, बाही कोपराच्या जवळ, गळा लहान, समोर हूक किंवा टिचबटणं. पोट दिसत नाही. झंपराला छातीवर घट्ट बसवणारी आजची बेतणी नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत घालायच्या कपड्यालाही आजचा गोलाकार साचा नको. बाहेरून सगळं बरोबर केलं आणि आत आजचीच अंतर्वस्त्रं राहिली, तर दहाव्या रांगेतूनही शरीराची रेषा आजची दिसते. सुनेच्या अभिनेत्रीसाठी मी साध्या मांजरपाटाची सैलसर बॉडी शिवून घेतली. तिला सुरुवातीला अवघड गेलं, पण ती घातल्यावर तिच्या खांद्यांची ठेवणच बदलली.

आता प्रत्यक्ष अडचण. पहिल्या अंकात सून नऊवारीत आत जाते आणि चार मिनिटांनी गोल पातळात बाहेर येते. त्या चार मिनिटांत अप्पा आणि थोरला मुलगा वर्तमानपत्रावरून बोलतात. नऊवारीच्या आत परकर घालून ठेवता येत नाही, काष्ट्यामुळे तो अडतो आणि मांड्यांवर गोळा होतो. म्हणजे आधीपासून काही चढवून ठेवायची सोय नाही. आम्ही घड्याळ लावून बदल करून पाहिला. नऊवारी सोडायला अर्धं मिनिट लागलं. परकर चढवून नाडी बांधायला वीस सेकंद. झंपर तोच ठेवला, घरात तिच्याकडे दोनच आहेत हे त्याला सोयीचं पडलं. पातळ पूर्ण नेसायला पहिल्या दिवशी साडेचार मिनिटं गेली.

उपाय असा काढला. गोल पातळाच्या निऱ्या आधीच घालून वरच्या काठाशी आतून हातशिलाईनं टाचून ठेवल्या, खालून मात्र त्या मोकळ्याच राहू दिल्या. पदराच्या चुण्याही खांद्यापाशी फक्त एका टाक्यानं धरल्या. विंगेत कपडेपटातली बाई पातळ उघडून तयार धरते, सून परकर बांधते, पातळ एकदा फिरवून निऱ्या खोचते, पदर खांद्यावर टाकते. आता एकूण तीन मिनिटं दहा सेकंद लागतात. उरलेल्या पन्नास सेकंदांत ती श्वास घेते, केस सारखे करते आणि विंगेतल्या आरशात एकदा बघते. दिग्दर्शकाला ते आरशातलं बघणं इतकं आवडलं, की आता ती पडद्याआडून अर्धी दिसेल अशी उभी राहते.

ध्वनीचं यंत्र या बदलात निसटायचं. ते आधी साडीच्या कमरेत खोचलेलं होतं, साडी सुटली की तेही सुटायचं. आता कातडी-रंगाचा कापडी पट्टा झंपराच्या आतून पाठीशी बांधतो आणि यंत्र त्याच्यात राहतं. नऊवारी नेसताना मात्र गाठ त्या पट्ट्याच्या खाली येईल याची काळजी घ्यावी लागते, नाहीतर वाकताना यंत्र बरगडीत रुततं.

मध्यंतरानंतर सुनेची मंगळागौर आहे. श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत करतात ती. तिथे ती परत नऊवारीत येते, आणि ती नऊवारी सासूचा लग्नातला शालू आहे. नऊवारीला माप नसतं, सासूचा शालू सुनेला जसाच्या तसा होतो. पंचवीस सालच्या जरीचा उजेड आजच्या जरीपेक्षा मवाळ असतो, म्हणून आजच्या बाजारातली चकाकणारी जरी मी टाळली, मंद जरीची साडी मिळवली आणि जिथे चमक जास्त वाटली तिथे पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा हात ब्रशनं फिरवला.

आता आत्या. या पात्राबद्दल मला सर्वात जास्त विचार करावा लागला.

आत्या अप्पांची आत्या, बालविधवा. 1900 नंतरच्या काही वर्षांत तिचा नवरा गेला, केशवपन झालं, आणि तेव्हापासून ती लाल आलवणात आहे. विधवाविवाहाला कायद्यानं मान्यता 1856 साली मिळाली होती. नाटकातलं साल बरोबर शंभर वर्षांनंतरचं आहे. त्याच 1956 च्या जूनमध्ये हिंदू वारसा कायदा आला, आणि नाटकातली वाटणीची चर्चा त्यावरूनच सुरू होते. हे सगळं चाललेलं असताना खोलीच्या कोपऱ्यात एक बाई जपमाळ ओढत बसली आहे आणि तिच्या अंगावर पन्नास वर्षांपूर्वी लादलेला एकच रंग आहे. त्या काळच्या मध्यमवयीन विधवा बहुधा फिक्या रंगाचं किंवा पांढरं पातळ नेसायच्या, केस ठेवायच्या. आलवणातल्या बायका उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या.

आलवण म्हणजे जाड सुती, गडद लाल, बिनकाठाचं किंवा अगदी नाममात्र काठाचं. चोळी नाही, पदर डोक्यावरून आणि दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. दागिना नाही, कुंकू नाही. मी सुरुवातीला खऱ्या आलवणाशी जुळणारा गडद लाल रंगवून घेतला. दिव्याखाली तो पार हरवला. संध्याकाळच्या पिवळसर प्रकाशात तो तपकिरी झाला, रात्रीच्या निळ्या प्रकाशात काळा. आत्या म्हणजे अंधारातला एक डाग दिसू लागली. मग वारभराचे पाच तुकडे पाच छटांत रंगवले, नाट्यगृहात तालमीच्या दिवशी दोरीवर टांगले आणि प्रकाशयोजनाकाराला एकेक प्रवेशाचे दिवे लावायला सांगितले. जो तुकडा हातात घेतला तर फार भडक वाटतो, तोच शेवटी निवडला. निळ्या उजेडात तोच काय तो लाल राहिला. घरी कापड हातात घेऊन रंग ठरवू नये हे मी आधीपासून जाणत होते, तरी आलवणाच्या बाबतीत मला तो पुन्हा तपासून पाहावा लागला.

डोक्याबद्दल. केशवपन दाखवायला टक्कल चढवण्याचा पर्याय होता. आम्ही तो घेतला नाही. पदर कपाळापर्यंत घट्ट असतो आणि तो कधी सरकत नाही. पदराखाली केस नसल्याचं प्रेक्षकाला दाखवायचं ते डोक्याच्या आकारावरून. अंबाडा असला की पदराखाली उंचवटा येतो. म्हणून अभिनेत्रीचे केस पाठीमागे खाली, मानेवर चपटे बांधले आणि वर घट्ट टोपी घातली. आई आणि आत्या शेजारी बसल्या की आईच्या पदराखाली अंबाड्याचा उंचवटा आहे आणि आत्याचा पदर सपाट उतरतो. एवढं पुरतं. चोळी नसल्याचा प्रश्न आम्ही तडजोडीनं सोडवला: अंगाच्या रंगाचं बिनबाह्यांचं पातळ कापड आतून आहे, आणि पदर हलला तरी ते दिसत नाही.

कापडाबद्दल थोडं, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. टेरिलीनचं कापड आपल्याकडे साठच्या दशकात पसरलं. तेव्हा या घरात सुती, खादी, रेशीम, लोकर आणि फार तर रेयॉन, एवढंच. आज बाजारात ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या कापडात पुष्कळदा कृत्रिम धाग्याची भेसळ असते. ओळखायला दोन गोष्टी करते. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळायचा. सुती कापड चुरगळून तसंच राहतं, भेसळीचं लगेच उलगडतं. खात्री करायची तर काठाचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळायचे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटानं उडते. भेसळीचा वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. भेसळीचं कापड घेतलं तर नऊवारीच्या निऱ्या फुलून अंगापासून दूर राहतात, सुती आपल्या वजनानं खाली पडतात.

ओळखीच्या घरांतून आम्हाला खरी जुनी पातळं मिळाली, काही साठ वर्षांवरची. ती अंगावर नेसवली नाहीत, काष्टा ओढताना तीन ठिकाणी फाटली असती. नमुना म्हणून त्यांचा उपयोग झाला, आणि उरलेली नेपथ्यात दोरीवर वाळत घातली. श्रावण आहे, बाहेर पाऊस आहे, कपडे आतच वाळणार. सोवळ्याचं वेगळं, उंचावरच्या दांडीवर, काठीनं घातलेलं.

अंगावरचं नवीन सुती कापड जुनं करायला वेळ द्यावा लागतो. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवायचं, म्हणजे गिरणीची खळ निघते. मग सहा-सात वेळा धुऊन उन्हात वाळवायचं. पांढऱ्या कापडाची वेगळी गोष्ट आहे. आजचं पांढरं सुती कापड आणि आजची साबणाची पूड, दोन्हींत उजळपणा वाढवणारी द्रव्यं असतात, आणि निळ्या दिव्यात ते चमकतं. अप्पांचं धोतर पहिल्या तालमीत अप्पांच्या आधी दिसत होतं. ते चहाच्या पाण्यात बुडवलं: पाच लिटर पाण्यात दोन मुठी चहापूड उकळून गाळायची, तुरटीचा खडा फिरवायचा, ओलं कापड पंधरा मिनिटं सतत हलवत ठेवायचं. हलवलं नाही तर ढग पडतात. त्यानंतर वरून हलकी नीळ, कारण त्या काळचं पांढरं निळीचं होतं, दुधाळ नव्हतं.

अप्पांचं बाकी सोपं आहे. ऑफिसला धोतर, शर्ट, गळाबंद कोट, काळी टोपी आणि छत्री, घरी आल्यावर धोतर आणि बंडी. एकच जागा मी जपून केली. शर्टाची कॉलर वरच्या घडीवर विरली की ती उसवून उलटवून परत शिवायची, म्हणजे अजून वर्षभर शर्ट चालतो. अप्पांच्या शर्टाची कॉलर उलटवलेली आहे, त्यामुळे तिचं टोक किंचित वाकडं बसतं. तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला दिसणार नाही, पण अप्पांचं काम करणारे अभिनेते आरशासमोर ती हातानं सरळ करतात आणि मग बाहेर जातात. थोरला मुलगा पँट-शर्टातला. पँट बेंबीपर्यंत उंच, समोर चुण्या, बॉटम रुंद. त्याला पट्टा घट्ट बांधायला सांगितला आहे, कारण ती त्याच्या मापाची नसून मामेभावाची आहे असं आम्ही ठरवलं. धाकटी मुलगी शाळेच्या गणवेशात आणि घरात परकर-पोलक्यात, दोन वेण्या, लाल रिबिनी.

कुंकवाबद्दल एक सांगायचं राहिलं. चिकटवायची टिकली या घरात नाही. आई कपाळाला आधी मेण लावते आणि त्यावर बोटानं कुंकू, म्हणून तिचं कुंकू काठाशी थोडं विस्कटलेलं आणि मोठं. सून पिंजर अगदी बारीक गोल लावते. नोकरीच्या मुलाखतीला जाताना तिचं कुंकू आणखी लहान झालेलं असतं. दिव्यांच्या उष्णतेनं मेण मऊ होतं आणि कुंकू नाकाकडे ओघळतं, म्हणून मेणाचा थर अगदी पातळ लावून मध्यंतरात एकदा पुसून नवीन लावतात.

प्रत्येक मुख्य कपड्याच्या दोन प्रती आहेत, कारण शनिवार-रविवारी लागोपाठ प्रयोग असले की सुती नऊवारी पावसात वाळत नाही. दांडाची लुगडीही दोन केली, दोन्हींची शिवण एकाच मापावर. आलवणाचं मात्र तसं जमलं नाही. भडक लाल सुती रंग धुताना सुटतो. मीठ आणि तुरटी घालूनही पहिल्या चार धुण्यांत पाणी लाल झालं, आणि दौऱ्याच्या ट्रंकेत ते ओलसर राहिल्यावर अप्पांच्या दोन्ही धोतरांना गुलाबी डाग पडले. तेव्हापासून आत्याचं कापड वेगळ्या बादलीत धुतलं जातं, वेगळ्या पिशवीतून जातं आणि मेकअप रूममध्ये सगळ्यांपासून लांब, एकट्या खिळ्यावर टांगलं जातं. आत्याचं काम करणाऱ्या बाई प्रयोगाच्या आधी तिथेच, त्या खिळ्याखाली, खुर्ची घेऊन बसतात.